जिओरेफरन्सिंगचा एरर ०.९ मीटर, आणि रेघ शेजारच्या विहिरीत: गट नकाशाच्या लेयरची अचूकता तपासताना होणारा घोळ

हा घोळ मी स्वतः केलाय आणि नंतर किमान चार जणांच्या फायलीत तोच बघितलाय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. लक्षण असं असतं, गावचा नकाशा स्कॅन केला, जिओरेफरन्स केला, गटांच्या हद्दी डिजिटाईज केल्या, सॉफ्टवेअर म्हणतंय एरर एक मीटरच्या आत, रिपोर्टमध्ये तोच आकडा टाकला, आणि शेतात गेलं की रेघ चार-पाच मीटर बाजूला.

आमचं गाव सोलापूरकडचं, पाणलोटाचं काम होतं, गावाचा पसारा साधारण चार बाय तीन किलोमीटर, २१२ गट. कागदी नकाशा १:५००० चा, ३०० डीपीआयला स्कॅन केलेला. शेतात पहिल्यांदा लेयर उघडला तेव्हा बांधाच्या टोकाला एक आजोबा हद्दीच्या दगडावर टेकून बसलेले, त्यांनी टॅबमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाले, "सायब, ह्यो दगड माझ्या आज्यापासनं हितंच हाय, तुमची रेघ तर निघाली शेजाऱ्याच्या हिरीत." खरंच रेघ दगडापासून सात मीटर पूर्वेला, शेजाऱ्याच्या विहिरीच्या कठड्यावरून चालली होती. मी आधी टॅबच्या जीपीएसला दोष दिला, सगळेच देतात, पण आरटीके रोव्हर लावून बघितला तरी तेच.

आधी तो ०.९ मीटर कुठून आला ते

क्यूजीआयएसच्या Georeferencer मध्ये खाली Mean error दिसतो तो पिक्सेलमध्ये असतो. माझा होता २.१ पिक्सेल. ३०० डीपीआय म्हणजे एक पिक्सेल ०.०८५ मिमीच्या आसपास, १:५००० ला जमिनीवर ०.४२ मीटर, म्हणून २.१ पिक्सेल म्हणजे ०.९ मीटर. गणित बरोबर आहे. चूक ही की हा आकडा लेयरच्या अचूकतेचा नाहीच. तुम्ही जे कंट्रोल पॉइंट दिले त्यांच्याशी तुमचं ट्रान्सफॉर्मेशन किती जुळलं एवढंच तो सांगतो, आणि ते पॉइंट मी घेतले होते ऑनलाइन सॅटेलाइट बेसमॅपवर क्लिक करून. म्हणजे बेसमॅप मुळातच सरकलेला असेल तर माझा नकाशा त्या सरकलेल्या बेसमॅपला मस्त चिकटून बसणार आणि एरर कमीच दिसणार.

त्यात भर म्हणजे मी Polynomial 2 वापरलं होतं, त्याला कमीत कमी ६ पॉइंट लागतात आणि माझ्याकडे होते ९, कारण ज्यांचा रेसिड्यूअल जास्त दिसला ते मी उडवून टाकले होते (हो, सगळे करतात, मीपण केलं). नऊपैकी सहा तर समीकरण सोडवण्यातच गेले, चूक पकडायला उरले तीन. आणि Thin Plate Spline वापरलंत तर विषयच संपला, ते प्रत्येक कंट्रोल पॉइंटमधून तंतोतंत जातं, तिथे रेसिड्यूअल शून्यच येणार, नकाशा कितीही वेडावाकडा असला तरी.

त्यामुळे पहिला नियम, जे पॉइंट नकाशा बसवायला वापरले ते तपासायला वापरायचे नाहीत. तपासायचे चेकपॉइंट वेगळे, स्वतंत्र, आणि लेयरपेक्षा बऱ्याच जास्त अचूक साधनाने मोजलेले. आरटीकेला फिक्स मिळाला तर आडवी अचूकता दोन-तीन सेंटीमीटर येते, आपल्या दोन-चार मीटरच्या लेयरसाठी ती भरपूर झाली. फ्लोटवर मोजलेला पॉइंट घेऊ नका, आणि मोबाइलच्या जीपीएसने चेकपॉइंट घेणं म्हणजे मीटरपट्टी रबराची घेण्यासारखं आहे, त्याची स्वतःचीच चूक तीन-पाच मीटर असते.

चेकपॉइंट कुठला चालतो

इथे घाई केली की पुढचं सगळं गणित वाया. चेकपॉइंट "नीट ठरलेला" हवा, म्हणजे नकाशावरही तो एकाच जागी दाखवता आला पाहिजे आणि जमिनीवरही दोन माणसांनी वेगवेगळं जाऊन बोट ठेवलं तर ते एकाच जागी पडलं पाहिजे. हद्दीचा शाबूत दगड, तीन गटांच्या हद्दी मिळतात ती जागा जिथे दगड आहे, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, हे चांगले. नाल्याचा काठ नको, तो दर पावसाळ्यात हलतो. पाणंदीचं वळण नको, झाडाचा बुंधा नको. आणि नुसता बांधही नको (विदर्भवाले धुरा म्हणतील), कारण बांध मीटर-दीड मीटर रुंद, मधोमध कुठलं हे कोण ठरवणार, शिवाय दोन्हीकडून नांगरून नांगरून तो कुठल्या कुठे गेलेला असतो.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे. बांध सरकलाय आणि नकाशा जुन्याच जागी दाखवतोय तर ती तुमच्या लेयरची चूक नाही, ती वहिवाट आणि नकाशा ह्यांच्यातली तफावत आहे. ती चेकपॉइंटमध्ये मिसळली तर तुम्ही डिजिटायझिंगची अचूकता मोजताय की शेजाऱ्यांचं भांडण मोजताय हेच कळत नाही. आम्ही २२ जागा मोजल्या, त्यातल्या दोन ह्याच कारणाने काढल्या, एक नाल्याच्या काठची आणि एक अशा बांधाची जिथे दगडच नव्हता. महत्त्वाचं म्हणजे त्या आकडे बघायच्या आधी काढल्या, शेतातल्या फोटोवरून आणि वहीतल्या नोंदीवरून. उरल्या २०.

वीसच का, तर अमेरिकेचं एफजीडीसीचं १९९८ चं मानक आहे, एनएसएसडीए, त्यात कमीत कमी २० सांगितलेत, आणि आपल्याकडे बहुतेक जण तेच वापरतात. वीसमध्ये ९५ टक्के म्हणजे एक पॉइंट हद्दीबाहेर गेला तरी चालतो, एवढंच त्यामागचं साधं गणित. अमेरिकेतल्याच एएसपीआरएस ह्या संस्थेच्या मानकाच्या २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ३० केलेत, त्यामुळे तुमच्या क्लायंटने एएसपीआरएस लिहिलं असेल तर कुठली आवृत्ती ते आधी विचारा, कारण तिथे ९५ टक्क्यांचा आकडाही काढून टाकलाय आणि नुसता आरएमएसई मागतात, त्यातही चेकपॉइंटची स्वतःची चूक धरून.

वीस पॉइंट रस्त्याकडेला ओळीने घेऊन चालत नाही (गाडीतून उतरायला नको म्हणून हे होतं, खरं सांगा). भाग चौकोनी धरला तर प्रत्येक चतकोरात किमान २० टक्के पॉइंट पडले पाहिजेत आणि दोन पॉइंटमधलं अंतर कर्णाच्या दहाव्या भागापेक्षा कमी नको. आमच्या गावाचा कर्ण पाच किलोमीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर तरी अंतर हवं. गावाची हद्द काही चौकोनी नसते त्यामुळे अगदी काटेकोर जमत नाही, पण एक कोपरा पूर्ण रिकामा राहिला तर तसं रिपोर्टमध्ये लिहायला लागतं.

अंतर मोजताना होणारी दुसरी चूक

हा प्रकार मी सगळ्यात जास्त वेळा बघितलाय आणि ह्याने एरर कमी दिसतो म्हणून कुणी तक्रारही करत नाही. आरटीकेचे पॉइंट आले, हद्दीचा लेयर आहे, मग लोक सरळ Join attributes by nearest चालवतात, प्रत्येक पॉइंटपासून सगळ्यात जवळच्या रेघेचं अंतर निघतं, त्याचा आरएमएसई काढला की झालं.

आता बघा, आमचा लेयर चार मीटर पूर्वेला सरकलेला होता. दक्षिणोत्तर जाणाऱ्या बांधावर दगड असेल तर जवळच्या रेघेचं अंतर चार मीटर येईल, बरोबर. पण पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बांधावर दगड असेल तर रेघ स्वतःच्याच दिशेने सरकलीय, तिच्यावर लंब टाकला की अंतर येतं तीस सेंटीमीटर. चूक तेवढीच आहे पण ती रेघेच्या बाजूने लपली. आणि सांध्याच्या जागी तर दोन्ही दिशांच्या रेघा असतात, टूल त्यातली जी जवळ ती उचलतं, म्हणजे दर वेळी सोयीची.

जवळचा व्हर्टेक्स घेतला तरी तीच बोंब, कारण वळणावर डिजिटाईज करताना आपण पाच-सहा व्हर्टेक्स टाकलेले असतात, त्यातला कुठलातरी दगडाच्या जवळ निघतोच, तो त्या दगडाचा नसला तरी.

उपाय एकच, जोडी नावाने लावायची, अंतराने नाही. शेतात दगडाला P01, P02 असा नंबर द्यायचा, गट नंबर लिहायचे (कुठल्या तीन गटांचा सांधा), फोटो काढायचा. घरी येऊन लेयरवर तोच सांधा शोधून तिथे वेगळ्या पॉइंट लेयरमध्ये स्नॅपिंग चालू ठेवून पॉइंट टाकायचा आणि तोच नंबर द्यायचा, आणि हे करताना आरटीकेचे पॉइंट स्क्रीनवर बंद ठेवायचे नाहीतर हात आपोआप तिकडे जातो. मग नंबरवरून जॉइन. दोन्ही लेयर एकाच सीआरएसमध्ये, आमच्याकडे EPSG:32643. पूर्व विदर्भात असाल तर ७८ अंश रेखांशाच्या पुढे 32644 लागेल.

चिन्हाचं पण एकदाच ठरवा, लेयर वजा आरटीके. मग अधिक dx म्हणजे लेयर पूर्वेला, उणे dy म्हणजे दक्षिणेला.

```python
import pandas as pd, numpy as np
d = pd.read_csv("cp.csv")   # id,x_layer,y_layer,x_rtk,y_rtk
dx = d.x_layer - d.x_rtk
dy = d.y_layer - d.y_rtk
for n, e in (("x", dx), ("y", dy)):
    print(n, e.mean(), e.std(), np.sqrt((e**2).mean()))
```

तीन आकडे छापतो, सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि आरएमएसई. लोक फक्त तिसरा बघतात. पहिले दोनच खरं निदान करतात, ते पुढे येतंय.

आधी तो एक वेडा पॉइंट

पहिल्यांदा चालवलं तेव्हा P14 ला dx आला २३.४ मीटर. बाकीचे सगळे ०.९ ते ७.१ च्या मधे. त्या एकट्या पॉइंटने x चा आरएमएसई ४.४७ चा ६.८२ केला होता, वर्ग करायचा असल्यामुळे एकच मोठा आकडा सगळ्यांना ओढतो. मोह होतो की डिलीट करावा. करायचा नाही. आधी कारण शोधायचं. फोटो बघितला तर तिथे दोन दगड आहेत, एक गटाच्या सांध्याचा आणि एक वीस-एक मीटरवर पोटहिश्शाचा, आमच्या पोराने मोजला दुसरा आणि नाव लिहिलं पहिल्याचं. वहीत मात्र "विहिरीकडचा नाही, आंब्याकडचा" असं लिहिलेलं सापडलं, त्यावरून तो परत जाऊन योग्य दगड मोजून आला, आणि P14 झाला (४.१, १.१).

उलट P12, म्हणजे त्या आजोबांचा दगड, dx ७.१, सगळ्यात मोठा. दगड बरोबर, फिक्स बरोबर, जोडी बरोबर, काहीच चूक सापडली नाही. मग तो राहणार. आकडा मोठा आहे हे पॉइंट काढायचं कारण होऊ शकत नाही, कारणाला नाव देता आलं पाहिजे आणि ते रिपोर्टमध्ये लिहिता आलं पाहिजे.

आता वीस पॉइंटचे आकडे

पूर्वेकडे सरासरी चूक +४.२० मीटर, स्टँडर्ड डेव्हिएशन १.५७, आरएमएसई ४.४७. उत्तरेकडे सरासरी −०.३०, स्टँडर्ड डेव्हिएशन १.४९, आरएमएसई १.४९. दोन्ही मिळून आडवा आरएमएसई, म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ, ४.७१ मीटर.

इथे बहुतेक जण थांबतात आणि ४.७१ ला १.७३०८ ने गुणून "९५ टक्के पातळीवर ८.१५ मीटर" असं छापून मोकळे होतात. हे छापू नका. १.७३०८ हा गुणक तेव्हाच लागू होतो जेव्हा x आणि y ची चूक साधारण सारखी आणि यदृच्छ पसरलेली असते. मानकात थोडी सूट आहे, दोन्ही आरएमएसई वेगळे असले तरी लहान भागिले मोठा हे ०.६ ते १ च्या मधे असेल तर २.४४७७ गुणिले दोघांची सरासरी असं अंदाजे काढता येतं. आमचं गुणोत्तर १.४९ भागिले ४.४७ म्हणजे ०.३३. दोन्ही सूत्रं इथे बाद.

पण हे गुणोत्तर पडणं म्हणजे नुसती सूत्राची अडचण नाहीये, ते ओरडून सांगतंय की एका दिशेला काहीतरी पद्धतशीर सरकलंय. स्टँडर्ड डेव्हिएशन बघा, १.५७ आणि १.४९, जवळजवळ सारखे, म्हणजे पसारा दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्या पसाऱ्याच्या खाली संपूर्ण लेयर चार मीटर पूर्वेला बसलाय. सरासरी पसाऱ्याच्या तुलनेत एवढी मोठी आली की आधी सरकण्याचं कारण शोधायचं, रिपोर्ट नंतर.

कारण शोधायला बाण काढा. पॉइंट लेयरच्या सिम्बॉलॉजीमध्ये Vector Field Marker असतो, X attribute ला dx, Y attribute ला dy, स्केल वाढवून ठेवा म्हणजे बाण डोळ्याला दिसतील. बाणांकडे बघूनच अर्धं काम होतं. सगळे बाण एकाच दिशेला आणि साधारण सारख्या लांबीचे असतील तर अख्खा लेयर सरकलाय. कडेला जाताना बाण बाहेरच्या बाजूला लांब लांब होत असतील तर स्केल चुकलंय, कागद आकसलाय किंवा ताणलाय, जुन्या घडी घातलेल्या नकाशांत हे हमखास. गोल फिरत असतील तर नकाशा किंचित फिरलेला बसलाय. एकाच कोपऱ्यात वेडे असतील तर त्या कोपऱ्यात कंट्रोल पॉइंटच नव्हता आणि तिथे पॉलिनॉमियल उधळलंय. आणि कुठलाच पॅटर्न नसेल, कुणी इकडे कुणी तिकडे, तर ती खरी यदृच्छ चूक, ती फक्त मोजायची, तिला उपाय नाही.

आमचे वीसच्या वीस बाण पूर्वेला. आता लेयर सरकण्याची दोनच नेहमीची कारणं. डेटम चुकलं, म्हणजे एव्हरेस्टवरचा जुना नकाशा डब्ल्यूजीएस८४ समजून उघडला, तर फरक चार मीटरचा नसतो, त्याहून कितीतरी मोठा असतो आणि पहिल्या नजरेत दिसतो. काही मीटरचा फरक आला की संशय बेसमॅपवर. तपासायला फार काही लागत नाही, आरटीकेचे पाच पॉइंट असे घ्या जे इमेजमध्ये स्वच्छ दिसतात, सिमेंटच्या टाकीचा कोपरा, पुलाच्या कठड्याचं टोक, आणि बेसमॅपवर टाका. आमच्या पाचही पॉइंटला इमेज चार मीटरच्या आसपास पूर्वेला. सापडला चोर. (तुमच्या गावी चार मीटर पश्चिमेला असेल किंवा काहीच नसेल, इमेजची तारीख बदलली की सरकणंही बदलतं, त्यामुळे माझा आकडा उचलून तुमच्या लेयरला लावू नका.)

दुरुस्ती, आणि तिसरी चूक जी इथे होते

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग, अख्खा लेयर ४.२० मीटर पश्चिमेला आणि ०.३० उत्तरेला ढकला, Affine transform एका मिनिटात होतं, परत त्याच वीस पॉइंटवर तपासा. आरएमएसई झक्कास येणार. येणारच, कारण सरासरी चूक तुम्ही त्याच वीस पॉइंटवरून काढून वजा केली, मग त्या वीसची सरासरी शून्य यायलाच पाहिजे. पेपर तपासणाऱ्यानेच पेपर लिहिला असं झालं. ढकलायचं असेल तर ढकला, पण मग तपासायला नवे पॉइंट पाहिजेत. आपल्या ऑफिसात "आता परत कोण जाणार" हे वाक्य इथेच ऐकू येतं.

आम्ही उलटं केलं, चेकपॉइंट तसेच ठेवले आणि कंट्रोलसाठी आणखी ८ दगड आरटीकेने मोजून आणले. मूळ स्कॅन त्या ८ वर परत जिओरेफरन्स केला, ह्यावेळी Polynomial 1, आणि एकही पॉइंट न उडवता. क्यूजीआयएस ३.२६ पासून Georeferencer मध्ये वेक्टरही घेता येतो त्यामुळे पहिले वाटलं डिजिटाईज केलेला लेयरच सरळ बसवू, पण त्यात आधीच्या Polynomial 2 चे बाक आलेले होते, ते साध्या ट्रान्सफॉर्मेशनने जात नाहीत, म्हणून २१२ गट परत डिजिटाईज केले. तीन दिवस गेले, शिव्याही गेल्या.

गंमत बघा, ह्यावेळी Mean error आला ४.४ पिक्सेल, म्हणजे १.९ मीटर, आधीच्या दुप्पट. साहेबांनी स्क्रीन बघून विचारलं, "अरे, हे बिघडवलंस की काय?" चेकपॉइंटवर मात्र पूर्वेकडे आरएमएसई १.५६, उत्तरेकडे १.४९, सरासरी दोन्हीकडे पाव मीटरच्या आत. आडवा आरएमएसई २.१६ मीटर. म्हणजे स्क्रीनवरचा एरर दुप्पट झाला आणि खरा एरर निम्म्याहून कमी झाला.

गुणोत्तर आता १.४९ भागिले १.५६, ०.९६ च्या आसपास, त्यामुळे सूत्र लावायची परवानगी मिळाली. २.१६ गुणिले १.७३०८ म्हणजे ३.७ मीटर. दुसऱ्या सूत्रानेही, २.४४७७ गुणिले १.५२५, तेवढेच ३.७. वीसपैकी सगळ्यात लांबचा पॉइंट ३.४ मीटरवर, म्हणजे आकडा जमिनीशीही जुळतोय.

ह्याच्या खाली जाता येईल का असा प्रश्न येतो. मी दुसऱ्या दिवशी, आधीचं न बघता, दहा सांधे परत डिजिटाईज करून बघितले, दोन्ही वेळांत सरासरी ०.७ मीटरचा फरक. म्हणजे हाताची चूक छोटी आहे. नकाशावरची रेघच ०.३ मिमी जाड, ती जमिनीवर दीड मीटर. २.१६ मीटर म्हणजे कागदावर ०.४३ मिमी. १:५००० च्या कागदातून ह्याहून बारीक काही पिळून निघेल असं मला वाटत नाही, अजून झूम करून व्हर्टेक्स टाकण्यात वेळ घालवू नका.

रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलं

"अचूकता: ३.७ मीटर" एवढंच लिहिलं तर वाचणारा त्याचा हवा तो अर्थ काढतो. आम्ही मेटाडेटात हे टाकलं, उचलायचं तर उचला, आकडे तुमचे टाका:

> आडवी स्थानिक अचूकता ९५ टक्के विश्वास पातळीवर ३.७ मीटर, एनएसएसडीए पद्धतीने तपासलेली. चेकपॉइंट २०, सर्व शाबूत हद्दीचे दगड, आरटीके फिक्सने मोजलेले, जिओरेफरन्सिंगमध्ये न वापरलेले. मोजलेल्या २२ पैकी २ जागा जमिनीवर नेमकी खूण नसल्यामुळे आकडेमोडीआधी वगळल्या. एका पॉइंटचा (P14) दगड चुकीचा मोजला गेला होता, तो पुन्हा मोजला. आरएमएसई पूर्वेकडे १.५६ मीटर, उत्तरेकडे १.४९ मीटर. सीआरएस EPSG:32643. स्रोत १:५००० गाव नकाशा, ३०० डीपीआय स्कॅन. हा आकडा दगड असलेल्या सांध्यांना लागू. नाल्यालगतच्या हद्दी तपासलेल्या नाहीत. हद्द कायम करण्यासाठी वापरू नये.

"तपासलेली" हा शब्द तेव्हाच लिहायचा जेव्हा स्वतंत्र पॉइंटवर खरंच तपासलंय. नुसतं पद्धत नीट पाळून केलंय पण चेकपॉइंट नाहीत, तर मानकात त्यासाठी वेगळं वाक्य आहे, अमुक अचूकतेसाठी तयार केलेली, ते लिहा. आणि जिओरेफरन्सिंगचा पिक्सेल एरर लिहायचाच असेल तर वेगळ्या ओळीत, अचूकतेच्या ओळीत नाही.

शेवटचं वाक्य, हद्द कायम करण्यासाठी नको, ते आमच्या साहेबांना नको होतं, म्हणे क्लायंटला वाईट दिसतं. मी ठेवलं. गट दहा गुंठ्यांचा असेल तर त्याची बाजू तीस-बत्तीस मीटर, त्यात ३.७ मीटर इकडे तिकडे म्हणजे केवढं ते तुम्हीच बघा. पाणलोटाच्या बांधबंदिस्तीचा आराखडा ह्यावर आरामात होतो, भांडणाला मात्र मोजणी लावून क प्रतच घ्यावी लागते.

आजोबांकडे परत गेलो होतो नवीन लेयर घेऊन. P12 ला आता रेघ दगडापासून २.६ मीटर पूर्वेला येते. त्यांनी टॅबमध्ये बघितलं, विहिरीकडे बघितलं, म्हणाले, "हिरीतनं भाईर आली, पर आजून त्याच्याच रानात हाय की." मी म्हटलं, आबा, ह्या कागदातनं एवढंच निघतं.